सासूबाईंना खटकलेलं नाव

"बाई, सप्रेम नमस्कार. मी आणि माझी जाऊ मिळून गेली दोन वर्षं मातीची स्वयंपाकाची भांडी विकतो: हंडी, कढई, तवा, दह्याचं मडकं. गावातले कुंभार घडवतात; आम्ही भाजणी तपासून, खोक्यात भरून पुण्यामुंबईला आणि आता इंदूरलाही पाठवतो. व्यवसायाला नीट नाव द्यायचं आहे. भाच्यानं इंटरनेटवर शोधून 'मृत्कला' सुचवलं, इंग्रजीत Mrutkala. ओळखीच्या गुरुजींनी सांगितलं की शब्द शुद्ध आहे, अर्थ 'मातीची कला'. पण सासूबाई नाव ऐकताच म्हणाल्या, 'अगं, मेलेल्याचं नाव कशाला ठेवता?' पाटी रंगवायला टाकायची आहे, खोकी छापायची आहेत, ट्रेडमार्कचा अर्जही करायचा आहे. शब्द बरोबर असेल तर सासूबाईंना असं का वाटलं? आणि असं नाव तपासायचं कसं?"
— एक उद्योजिका, कराड

नमस्कार.

गुरुजींचं बरोबर आहे आणि सासूबाईंचंही. गुरुजींनी शब्द डोळ्यांनी पाहिला, सासूबाईंनी कानांनी ऐकला. तुमचं गिऱ्हाईक हे नाव बहुतेकदा आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकेल आणि मग कुठेतरी वाचेल. म्हणून माझा कौल सासूबाईंच्या बाजूनं आहे: ही पाटी रंगवायला टाकू नका. पण शब्द नेमका कुठे अडला ते समजून घ्या, म्हणजे पुढचं नाव तुम्हालाच तपासता येईल.

संस्कृतात मातीसाठी मूळ शब्द आहे 'मृद्'. स्त्रीलिंगी, शेवटी पाय मोडलेला द्. चुरडणे, मळणे या अर्थाच्या ज्या धातूपासून आपला 'मर्दन' शब्द आला, त्याच्याशी याचं नातं सांगतात. 'मृत' हा शब्द निराळा. तो 'मृ' म्हणजे मरणे या धातूपासून येतो आणि त्याच्या शेवटी पूर्ण त आहे. दोघांचा अर्थानं काही संबंध नाही. पण संस्कृतात मृदू व्यंजनापुढे कठोर व्यंजन आलं की आधीचं व्यंजनही कठोर होतं. 'मृद्'पुढे 'कला'तला क आला, म्हणून द् चा त् झाला आणि 'मृत्कला' तयार झालं. हाच नियम 'मृत्पिंड' या शब्दात आहे. छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा ओळखला की मातीचं सगळंच ओळखलं: 'एकेन मृत्पिण्डेन सर्वं मृन्मयं विज्ञातं स्यात्'. तेव्हा तुमच्या भाच्यानं काही चुकीचं शोधलेलं नाही. व्याकरणाला धरून हाच जोड होतो. उलट पुष्कळ जण 'मृदकला' लिहितात, ते चूक आहे.

अडचण मराठीत येते. आपण शब्दाच्या शेवटचा अ उच्चारत नाही. 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. तसंच 'मृत' लिहितो आणि 'म्रुत्' म्हणतो. संस्कृत पाठशाळेत 'मृत' दोन अक्षरांचा ऐकू येतो, म्हणजे मृ आणि त, आणि 'मृत्' एका अक्षराचा. तिथे 'मृत्कला' आणि 'मृतकला' यांत कानाला फरक कळतो. कराडच्या बाजारात कळत नाही, पुण्यातही नाही. मराठी कानाला 'म्रुत्' एवढा आवाज आला की मागोमाग मृत्यू, मृतदेह, मृत्युपत्र हेच शब्द उभे राहतात. 'मृद्' हा शब्द मराठी बोलण्यात एकटा येतच नाही, त्यामुळे मातीची आठवण व्हायला काही आधारच नाही. सासूबाईंनी ऐकलं ते त्यांच्या भाषेप्रमाणे अगदी बरोबर ऐकलं.

इंग्रजी अक्षरांत गोष्ट आणखी बिघडते. Mrutkala मधल्या प्रत्येक a चा अ होतो आणि आ सुद्धा. कुरिअरवाल्यानं ते 'मृतकाला' असं वाचलं तर? मराठीत 'मृतक' म्हणजे मेलेला माणूस आणि 'मृतकाला' म्हणजे त्या मेलेल्या माणसाला. ओढूनताणून केलेलं हे वाचन नाही. ज्याला तुमचा शब्द ठाऊक नाही, त्याला अक्षरं हीच वाट दाखवतात. इंदूरचं गिऱ्हाईक कदाचित 'मृत काला' असं तोडून वाचेल, म्हणजे मेलेला आणि वर काळा. जेवण शिजवायच्या भांड्यावर हे नको.

आता अर्थ कसा तपासायचा ते सांगते. नावांच्या यादीत शब्दासमोर 'पृथ्वी, पवित्र, सौंदर्य' असे दोन-तीन गोड अर्थ लिहिलेले असतात. त्यावर विसंबू नका. खऱ्या कोशातल्या नोंदीत शब्दाचं मूळ रूप असतं, लिंग असतं आणि तो कुठल्या ग्रंथात आला ते असतं. यादीत यातलं काही नसेल तर तो अर्थ कुणी तरी मनानं लावला असण्याची शक्यता धरून चाला. वामन शिवराम आपटे यांचा 1890 चा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मोनियर-विल्यम्स यांचा 1899 चा कोश, दोन्ही कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तुमच्यासारख्या जोडशब्दाचा शोध घेताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: 'मृत्कला' तिथे कदाचित सापडणार नाही, आणि त्यानं शब्द खोटा ठरत नाही. संस्कृतात समास नवे करता येतात. कोशात त्याचे दोन तुकडे पाहायचे, 'मृद्' वेगळा आणि 'कला' वेगळा, आणि मग सांधा पाहायचा. 'मृद्' या नोंदीखाली 'मृत्पिंड', 'मृद्घट', 'मृद्भांड' असे जुने जोड दिसतील. त्यांच्याशी आपला सांधा ताडून पाहिला की चूक लगेच उघडी पडते.

एवढ्यावर थांबू नका. तोच शब्द मराठीच्या कोशातही पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मोठ्या वाचनालयांत मिळतो. संस्कृतात एक अर्थ असलेला शब्द मराठीत येता येता दुसरीकडे वळलेला असतो आणि गिऱ्हाईक त्या वळलेल्या अर्थाचंच असतं. 'घट' घ्या. संस्कृतात सरळ घडा. मराठीत नवरात्रात आपण घट बसवतो, तोच हा शब्द. पण वर्तमानपत्र उघडलं की 'उत्पादनात घट', 'विक्रीत घट'. धंद्याच्या पाटीवर 'घट' लिहिणं कुणालाच आवडणार नाही.

मातीच्या शब्दांसाठी अमरकोशातल्या भूमिवर्गात एक सुंदर ओळ आहे: 'मृन्मृत्तिका प्रशस्ता तु मृत्सा मृत्स्ना च मृत्तिका'. साधी माती ती मृत् किंवा मृत्तिका, आणि चांगल्या, उत्तम मातीला मृत्सा आणि मृत्स्ना. अर्थ इतका नेमका की मला 'मृत्स्ना' तुमच्यासाठी फार आवडला असता. पण पुन्हा तोच 'म्रुत्', आणि वर स्न सारखं जोडाक्षर, जे फोनवर कुणाला सांगता येणार नाही. त्याच श्लोकात पुढे 'उर्वरा' येतो, सगळी पिकं देणारी सुपीक जमीन. हिंदीत हा शब्द चालून जातो, कारण तिथे खताला 'उर्वरक' म्हणतात. मराठीत 'उर्वरित' म्हणजे उरलेलं. स्वयंपाकाच्या भांड्यावर उरलेल्याची आठवण नको. एकाच श्लोकातले दोन उत्तम शब्द, आणि दोन्ही मराठी कानात अडले.

'मृद्' सोडवत नसेल तर त्याच्यापुढे मृदू व्यंजनानं सुरू होणारा शब्द घ्या, म्हणजे द् तसाच राहतो आणि 'मृत्' नाहीसा होतो. ग, घ, भ, व असं काही. पहिला शब्द सुचतो 'मृद्भांड'. अर्थ अचूक, सांधा अचूक, जुन्या अवशेषांवरच्या मराठी लेखनात रुळलेलाही. तरी मी नाही म्हणेन, दोन कारणांनी. इंदूरला 'मृद्भांड' ऐकणाऱ्याला शेवटचा 'भांड' ऐकू येईल, आणि हिंदीत भांड म्हणजे नकला करून पोट भरणारा माणूस. हा शब्द तिथे हिणवायला वापरतात. मराठीतही 'भांड' या आवाजापाठोपाठ भांडण येतं. दुसरं कारण ट्रेडमार्कचं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 सांगतं की मालाचं फक्त वर्णन करणारा शब्द एकाच्या मालकीचा होत नाही. मातीच्या भांड्यांना 'मातीचं भांडं' असं नाव दिलं, मग ते संस्कृतात का असेना, तर हरकत येण्याची भरपूर शक्यता. अर्थ जितका तंतोतंत, तितकी ही अडचण मोठी. 'मृत्कला'लाही हीच हरकत लागू पडली असती.

'मृदा' सुचलं असेल, तर तेही पाहून टाकू. भूगोलाच्या पुस्तकातला आणि 'मृदा संधारण'मधला हा शब्द शुद्ध आहे. Mruda असं टाइप करताना r आणि u ची अदलाबदल झाली की Murda होतं. हे आठवड्यातून एकदा तरी कुणाकडून होणारच. शिवाय 'मृदा'त थोडा कृषी खात्याचा वास आहे.

'मृद्गंध' मात्र पारखून घेण्याजोगा आहे. पहिल्या पावसाचा मातीचा वास. भांड्याचं वर्णन त्यात नाही, पण माठातलं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला तो वास आठवतो. म्हणजे नाव मालाकडे बोट दाखवतं, मालाचं वर्णन करत नाही, आणि कलम 9 च्या दृष्टीनं हे चांगलं. कानालाही गोड आहे, 'म्रुद्' मध्ये मरण ऐकू येत नाही. अडचण लिहिण्यात आहे. बरेच जण 'मृदगंध' लिहितात, कारण मराठीत उच्चार दोन्हींचा सारखाच होतो. पण पूर्ण द घातला की तो 'मृद' असा वेगळाच शब्द होतो आणि मातीचा अर्थ देणारा 'मृद्' उरत नाही. काही जण 'मृदुगंध' लिहितात. तो शब्द चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ मंद, कोमल वास. तीन लेखनं, त्यातली दोन तुमची नाहीत. गन्ध की गंध याची काळजी मात्र करू नका: मराठीत अनुस्वारच द्यायचा. आणि हे नाव इतकं मनात भरणारं आहे की इतरांनी ते आधी घेतलेलं असणं अगदी शक्य आहे. ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

'मृण्मयी'बद्दल विचारणारी बरीच पत्रं येतात, म्हणून थोडं सविस्तर. अर्थ 'मातीची, मातीनं घडलेली'. चित् + मय चं चिन्मय, वाक् + मय चं वाङ्मय, तसं मृद् + मय चं मृन्मय. उपनिषदातली ओळ वर दिलीच आहे, तिथे न आहे. मग मराठीत ण कुठून आला? ऋ नंतर न चा ण होतो असा संस्कृताचा नियम आहे, आणि तो इथेही लागतो असं समजून लोक 'मृण्मय' लिहू लागले. पण पदाच्या शेवटी आलेल्या न ला तो नियम लागत नाही, आणि इथे 'मय'च्या आधीचा 'मृद्' हा भाग पद धरला जातो. म्हणून व्याकरणाप्रमाणे 'मृन्मयी'. मराठीत मात्र मुलींचं नाव म्हणून 'मृण्मयी' इतकं पक्कं झालं आहे की 'मृन्मयी' लिहिलंत तर लोक तुमचीच चूक काढतील. बंगालीत याच नावात न लिहितात. माझं मत असं की मराठी पाटीवर 'मृण्मयी' चालेल, फक्त पाटी, खोकं, बिल, अर्ज सगळीकडे एकच लेखन ठेवा. खरी अडचण इंग्रजी अक्षरांत आहे. आपण ऋ ला रु म्हणतो, हिंदीत आणि बंगालीत रि म्हणतात. Mrunmayi, Mrunmayee, Mrinmayi, Mrinmoyee अशी एकाच नावाची रूपं फिरत असतात. गिऱ्हाईक तुम्हाला शोधताना तुमचंच रूप टाइप करेल याची खात्री नाही. ऋ असलेल्या कुठल्याही शब्दाला हे ओझं असतंच: अमृत, कृषी, वृंदा, सगळ्यांना. आणि ज्ञ असेल तर त्याहून जास्त, कारण त्याला आपण द्न्य म्हणतो आणि हिंदी भाषक ग्य.

म्हणूनच मी तुम्हाला ऋ च्या बाहेरचा एक शब्द सुचवते: 'स्थाली'. आपट्यांच्या कोशात याचा अर्थ मातीचं भांडं, शिजवायचं भांडं. गृह्यसूत्रांतल्या विधींमध्ये 'स्थालीपाक' येतो, तो यातलाच. आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, त्याला संस्कृतात 'स्थालीपुलाकन्याय' म्हणतात: हंडीतलं एक शीत दाबून पाहिलं की सगळा भात कळतो. आपली थाळी याच शब्दाची मुलगी. तुम्ही हंडी आणि कढई विकता, आणि ज्या शब्दात भात शिजतो तोच शब्द तुम्हाला मिळतो.

पण मी सुचवलं म्हणून तपासणी सोडू नका. चला, याच्यावरच करून पाहू.

अर्थ: मोनियर-विल्यम्समध्ये 'स्थाली'चा दुसरा अर्थ पाटला नावाच्या सुवासिक फुलांच्या झाडाचा आहे. वाईट अर्थ कुठे नाही. शब्द एकटा आहे, समास नाही, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच नाही.

मराठी कानात काय वाजतं? एक 'थाळी', म्हणजे ताट. काहींना वाटेल तुम्ही खाणावळ चालवता. म्हणून नावाखाली 'मातीची भांडी' हे दोन शब्द कायम असू द्या. दुसरं, कुणीतरी तुम्हाला सांगेल की मराठीत 'स्थाळी' हवं. संस्कृतातला ल मराठीत पुष्कळदा ळ झाला आहे हे खरं, पण तो झालेला शब्द 'थाळी' हा आहे. तुम्ही संस्कृत रूपच घेता आहात, तर ल च ठेवा.

इंग्रजी अक्षरांत Sthali लिहिलंत तर ते 'स्थळी' असं वाचता येतं, 'घटनास्थळी'मधलं. आणि स्थली हा संस्कृतात वेगळा शब्द आहे, अर्थ जागा, जमीन. Sthaali असं दोन a घालून लिहिलं की ही चूक बरीच टळते. तरी Sthali हे नावही समाजमाध्यमांवर आणि संकेतस्थळासाठी तुमच्याच ताब्यात घेऊन ठेवा. हिंदीत शब्दाच्या सुरुवातीला स्थ आला की काही जण आधी इ लावून 'इस्थाली' म्हणतात. आणि 'संथाली' हे भाषेचं नाव ज्यांना माहीत आहे, त्यांना घाईत तसं ऐकू येण्याचा धोका आहे. हा या नावाचा सगळ्यात कच्चा भाग. इंदूरची विक्री तुमच्या धंद्याचा मोठा हिस्सा होणार असेल, तर तिथल्या चार गिऱ्हाइकांना फोन करूनच ठरवा.

फोनची ही परीक्षा अशी घ्या. ज्यांना नाव ठाऊक नाही अशी दहा माणसं निवडा, मराठी आणि हिंदी बोलणारी मिळून. फोनवर नाव एकदाच, नेहमीच्या वेगानं सांगा, अक्षरं फोडून सांगू नका. त्यांना ते देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. मग विचारा, ऐकल्यावर पहिल्यांदा काय आठवलं. दहापैकी सात-आठ जणांनी देवनागरी बरोबर लिहिली तर नाव चालेल असं मी धरते. इंग्रजी अक्षरांत सगळे वेगवेगळं लिहितील, त्यात जे रूप जास्त वेळा आलं ते तुमच्या मनातल्या रूपापेक्षा महत्त्वाचं माना. आठवणींमध्ये एकानं जरी वाईट गोष्ट सांगितली तर ती हसण्यावारी नेऊ नका. सासूबाईंनी तुमच्यासाठी हीच परीक्षा फुकट घेतली.

ट्रेडमार्कचा शोध याच टप्प्यावर घ्या. भारत सरकारच्या ट्रेडमार्क संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय आहे. मातीची आणि स्वयंपाकघरातली भांडी वर्ग 21 मध्ये येतात. तिथे शब्दानुसार शोध आहे आणि उच्चारानुसार वेगळा शोध आहे, दोन्ही करा. संस्कृत शब्दाची इंग्रजी अक्षरांतली सगळी रूपं एकेक टाकून पाहावी लागतात: Sthali, Sthaali, Stali, Thaali सुद्धा. 'मृद्गंध'कडे वळलात तर Mrudgandh, Mridgandh, Mrudagandha, सगळी. उच्चारात जवळचं नाव त्याच वर्गात आधी असेल तर लेखन वेगळं असूनही हरकत येऊ शकते. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये आहे, आणि अर्ज फेटाळला तर ते परत मिळत नाही. म्हणून शोधाला एक संध्याकाळ द्या. आणि कलम 9 चा प्रश्न 'स्थाली'लाही पूर्ण सुटलेला नाही, कारण त्याचाही अर्थ भांडंच आहे. फक्त आजच्या बोलण्यात तो शब्द कुणी भांड्यासाठी वापरत नाही, त्यामुळे बाजू जरा बळकट राहते. शंका आली तर शब्दासोबत एखाद्या चिन्हाचा एकत्र अर्ज करण्याबद्दल ट्रेडमार्क वकिलाला विचारा.

राहिली पाटी. मी बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. एका कार्यक्रमपत्रिकेत मी 'वाङ्मय' तपासून दिलं होतं. छापखान्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला गेला आणि ङ च्या जागी ड आला. 'वाड्मय' छापलेल्या पत्रिका कार्यक्रमाच्या दिवशी हातात पडल्या. मला ते आजही लागतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते: नाव पुन्हा कुणाला टाइप करू द्यायचं नाही. फ्लेक्सवाल्याला किंवा खोकी छापणाऱ्याला नाव व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणून पाठवू नका. डिझायनरकडून 'कर्व्ह केलेली' फाइल घ्या, म्हणजे अक्षरांचं चित्र झालेलं असतं आणि फॉन्ट बदलला तरी जोडाक्षर फुटत नाही. 'मृद्गंध' घेतलंत तर द् आणि ग एकाखाली एक जोडलेले हवेत, की द् चा पाय मोडून शेजारी ग, हे आधी ठरवा. दोन्ही बरोबर आहेत. लांबून वाचायला पाय मोडलेला बरा पडतो, पण रंगवणारा तो पाय विसरला की 'मृदगंध' झालंच. हातानं पाटी रंगवणारा असेल तर त्याच्यासमोर पूर्ण आकाराचा कागदी छाप ठेवा, आणि पहिला हात मारला की जाऊन पाहून या. 'स्थाली'त ही भीती जवळजवळ नाही. स्था साधं जोडाक्षर आहे, मराठी रंगाऱ्याच्या हाताला स्थानक, स्थळ, संस्था यांमुळे सवयीचं आहे. मात्र थ आणि य लांबून सारखे दिसतात, 'स्याली' वाचलं जाऊ नये म्हणून थ ची वरची गाठ स्पष्ट काढून घ्या.

पाटीवाल्याला आगाऊ पैसे दिले असतील तर त्याला फक्त नाव बदलतंय असं कळवा, काम रद्द करू नका. आणि या आठवड्यात सासूबाईंना 'स्थाली' आणि 'मृद्गंध', दोन्ही एकेकदा मोठ्यानं म्हणायला सांगा, अर्थ न सांगता. त्यांनी काय ऐकलं ते मला जरूर कळवा.